मराठी लघुपटाची इंग्रजी सबटायटल्स: भाषांतर आणि टायमिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशी महोत्सवांना लघुपट पाठवणारे मित्र जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरणं बहुतेक एकाच लघुपटातली आहेत, म्हणजे धागा सुटणार नाही. लघुपट 18 मिनिटांचा. नदीकाठचा घाट, आईचा दहावा. पिंड ठेवलाय आणि कावळा शिवत नाही. गावात राहिलेला मोठा भाऊ, घर विकायला निघालेली धाकटी बहीण आणि घाईत असलेला मामा, एवढीच मुख्य माणसं. त्याच्या सबटायटल्सचं काम मी केलं होतं.

आधी भाषांतर करायचं की आधी टायमिंग?

आधी टायमिंग. बहुतेक जण पटकथेची फाइल काढतात, ती इंग्रजीत करतात आणि मग ती वाक्यं चित्रावर बसवायला जातात. मग लक्षात येतं की निम्मी वाक्यं बसतच नाहीत. शिवाय पटकथेतला संवाद आणि नटाने प्रत्यक्ष म्हटलेला संवाद यात फरक असतो. संकलनात एखादं वाक्य अर्ध्यावर कापलं गेलेलं असतं.

म्हणून संकलन पक्कं झाल्यावर, म्हणजे आता एकही फ्रेम हलणार नाही असं दिग्दर्शकाने सांगितल्यावर, कामाला लागा. पहिल्या फेरीत चित्रपट ऐकत फक्त रिकामे डबे पाडायचे: इथे बोलणं सुरू झालं, इथे संपलं. डब्यात मराठी संवाद जसा ऐकू येतो तसा टाइप करून ठेवा. मग प्रत्येक डब्यात किती सेकंद आहेत ते दिसतं आणि तेवढ्या जागेत काय मावेल याचा विचार करत भाषांतर सुरू होतं. यासाठी Subtitle Edit हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे. त्यात आवाजाची लहर दिसते, त्यामुळे शब्द नेमका कुठे सुरू झाला हे डोळ्यांनी पकडता येतं.

एका सबटायटलमध्ये किती मजकूर चालतो?

जास्तीत जास्त दोन ओळी. एका ओळीत साधारण 42 अक्षरं, मोकळी जागा आणि विरामचिन्हं धरून. वाचण्याचा वेग सेकंदाला 15 ते 17 अक्षरं धरला तर प्रेक्षक वाचूनही चित्र पाहू शकतो. मोठ्या स्ट्रीमिंग कंपन्या 20 पर्यंत जाऊ देतात. पण परदेशी महोत्सवात बसलेल्या कित्येकांची इंग्रजी ही दुसरी भाषा असते, हे लक्षात घेऊन मी 17 ची मर्यादा पाळते. एक सबटायटल पाऊण-एक सेकंदापेक्षा कमी वेळ दाखवू नये, कारण ते नुसतं लुकलुकतं. सात सेकंदांपेक्षा जास्त वेळही ठेवू नये, कारण मग प्रेक्षक तेच पुन्हा वाचायला लागतो. लागून येणाऱ्या दोन सबटायटल्समध्ये किमान दोन फ्रेमची फट ठेवा. त्या फटीमुळेच मजकूर बदलल्याचं डोळ्याला कळतं.

मर्यादेत बसत नसेल तर वाक्य कसं कापायचं? एखादं उदाहरण?

आमच्या लघुपटात नवव्या मिनिटाला भाऊ बहिणीला म्हणतो, "अगं, आईचा जीव तुझ्यात अडकलाय. सांग तिला, मी घर विकणार नाही. मग बघ, शिवतो की नाही ते." हे सगळं तो 5.2 सेकंदांत म्हणतो. पहिलं कच्चं भाषांतर असं होतं:

```
Hey, Mother's life is stuck in you.
Tell her, 'I will not sell the house.'
Then see whether it touches or not.
```

ही 108 अक्षरं झाली, म्हणजे सेकंदाला जवळपास 21. वेग जास्त आहेच, पण मोठी अडचण अर्थाची आहे. इंग्रजीत 'लाइफ इज स्टक' म्हटलं की आयुष्य ठप्प झालंय असं वाटतं. 'इट टचेस' मधलं 'इट' म्हणजे कोण, ते परक्या माणसाला कळत नाही. 'अगं'चं 'हे' केलं की भावाच्या आवाजातला जिव्हाळा जाऊन ती हाकाटी होते.

कापताना मी एकच प्रश्न विचारते: यातलं काय चित्रातून किंवा आवाजातून आधीच पोचतंय? 'अगं' ऐकू येतंच, आणि तो तिच्याकडे वळून बोलतोय हे दिसतंच. ते काढून टाकलं. 'मग बघ' मधलं आव्हान त्याच्या चेहऱ्यावर आहे, त्यामुळे शब्दांत फक्त परिणाम सांगितला तरी चालतं. 'आईचा जीव', 'घर' आणि 'कावळा' या तीन गोष्टी मात्र शब्दांतूनच कळणार, म्हणून त्या राहिल्याच पाहिजेत. शेवटी हे ठरलं:

```
87
00:09:14,200 --> 00:09:16,320
It's you Mother can't let go of.

88
00:09:16,400 --> 00:09:20,000
Tell her you won't sell the house.
Then the crow will come.
```

पहिल्यात 32 अक्षरं 2.12 सेकंदांत, म्हणजे वेग 15. दुसऱ्यात 58 अक्षरं 3.6 सेकंदांत, म्हणजे वेग 16. भावाचं बोलणं 9 मिनिटं 19.4 सेकंदांना संपतं. पुढे शांतता आहे, म्हणून सबटायटल आणखी 0.6 सेकंद रेंगाळू दिलं. बोलणं संपल्यावर अर्धा सेकंद जास्त ठेवलं तर कुणाला खटकत नाही. बोलणं सुरू होण्याआधी दाखवलं तर मात्र लगेच खटकतं.

कावळा शिवणं परदेशी प्रेक्षकाला कसं समजणार? खाली टीप द्यायची का?

टीप नको. कंसातली टीप आली की प्रेक्षक घाटावरून उठून वर्गात जाऊन बसतो. आणि पात्र जे बोललंच नाही ते त्याच्या तोंडी घालणंही योग्य नाही.

पण एक जागा आपल्या हातात असते: त्या गोष्टीचा पहिला उल्लेख. आमच्याकडे दुसऱ्याच मिनिटाला मामा घड्याळाकडे बघत म्हणतो, "एकदा कावळा शिवला की सुटलो." मराठी माणसाला यात दोन गोष्टी एकदम ऐकू येतात. गेलेल्या माणसाची इच्छा पुरी झाली, तो सुटला. आणि आपणही या उन्हातून सुटलो. 'शिवणे' म्हणजे स्पर्श, पण चित्रात कावळा पिंडाला चोच लावणार आहे, म्हणून इंग्रजीत 'खाणे' वापरलं. ते डोळ्यांशी जुळतं. मग असं केलं:

```
Once the crow eats, she's free.
So are we.
```

41 अक्षरं आहेत. मामाच्या वाक्यानंतर गुरुजी पाणी सोडतात तेवढी शांतता आहे, त्यामुळे 2.6 सेकंद मिळाले. 'शी इज फ्री' हे शब्द मामाने उच्चारलेले नाहीत हे खरं, पण त्याच्या 'सुटलो'मध्ये ते आहेत. इथे मी उपरा अर्थ घातलेला नाही, मराठीत दडलेला होता तो बाहेर काढला. हे दुसऱ्या मिनिटाला नीट बसलं की नवव्या मिनिटाला नुसतं 'कावळा येईल' म्हटलं तरी पुरतं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, तेव्हा एक शब्दही न बोलता प्रेक्षकाला कळतं की आई सुटलेली नाही.

त्यामुळे भाषांतर करण्याआधी यादी करा: परक्याला न कळणारी कुठली गोष्ट आहे, आणि तिचा पहिला उल्लेख कितव्या मिनिटाला येतो? सगळी मेहनत तिथे घ्या.

नाती आणि हाका यांचं काय करायचं? 'दादा'चं 'ब्रदर' करायचं का?

सख्खी बहीण भावाला प्रत्येक वाक्यात 'ब्रदर' म्हणते, असं इंग्रजी कुठेच बोललं जात नाही. 'दादा' तसंच ठेवलं तर काहींना ते त्याचं नाव वाटतं. आम्ही पहिल्या प्रसंगात, मामाच्या एका वाक्यात, तो तिचा भाऊ आहे हे येऊ दिलं आणि नंतर 'दादा' ही हाक सबटायटलमधून काढून टाकली. ती कानावर पडते आणि तिचा सूर कुणालाही समजतो.

नावांचं उलट आहे. पात्राचं नाव ऐकू आलं आणि सबटायटलमध्ये दिसलं नाही, तर प्रेक्षकाला आपलं काहीतरी सुटलं असं वाटतं. मराठी संवादात आलेल्या इंग्रजी शब्दांचंही तसंच. नट स्पष्टपणे 'प्रॉब्लेम' म्हणतोय आणि खाली 'ट्रबल' लिहिलंय, हे इंग्रजी जाणणाऱ्याला लगेच टोचतं. ऐकू येणारा इंग्रजी शब्द शक्यतो तोच ठेवावा. फक्त आपल्याकडे त्याचा अर्थ बदलला असेल तर बदलावा.

'तू' आणि 'तुम्ही'चा फरक इंग्रजीत मावत नाही. बहीण रागाच्या भरात मामाला 'तुम्ही'वरून 'तू'वर आणते, त्या क्षणी आम्ही वाक्यंच तोडकी केली आणि 'प्लीज' काढून टाकलं. तरी थोडं हरवतंच, आणि ते मान्य करून पुढे जावं लागतं.

शब्दशः भाषांतरात सगळ्यात जास्त चुका कुठे होतात?

अशुभ टाळण्यासाठी आपण जे उलटं बोलतो, तिथे. नारळ 'वाढवला', बांगडी 'वाढवली' यातलं वाढवणं म्हणजे फोडणं किंवा फुटणं. मराठी घरात वाढलेली पण इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलंसुद्धा इथे 'इन्क्रीज' लिहून जातात.

यातलाच सगळ्यात अवघड शब्द म्हणजे 'येते'. निघताना आपण 'जाते' म्हणत नाही. आमच्या लघुपटाच्या शेवटी बहीण रिकाम्या घराच्या उंबऱ्यात थांबून आईच्या फोटोला म्हणते, "येते हं, आई." ती परत येणार नाही हे आपल्याला माहीत असतं, तरी शब्द 'येते' हाच. 'आय ॲम कमिंग' ही तर सरळ चूक. 'गुडबाय' लिहिलं तर परत येण्याची ती खूण पुसली जाते. मी बराच विचार करून हे लिहिलं होतं:

```
Won't be long, Mother.
```

सहज घराबाहेर पडताना म्हणतात तसं साधं वाक्य, त्यात परतीचा शब्दही आहे. मला फार आवडलं होतं. मराठी न येणाऱ्या एका मैत्रिणीला लघुपट दाखवला तेव्हा ती शेवटाला घाबरून म्हणाली, "म्हणजे ही आता जीव देणार?" मेलेल्या आईला 'फार वेळ लागणार नाही' म्हटल्यावर तो अर्थ निघतोच, आणि मला तो दिसला नव्हता. मग ते बदलून हे केलं:

```
See you, Mother.
```

निरोपही झाला, भेटही राहिली.

तपासायला कुणाला द्यावं?

ज्याला मराठी अजिबात येत नाही आणि ज्याने कथा ऐकलेली नाही, अशा माणसाला. फाइल वाचायला देऊ नका, लघुपट दाखवा. नुसती फाइल वाचणारा इंग्रजी गुळगुळीत करत बसतो आणि वाक्यं लांबवतो. पाहून झाल्यावर 'आवडलं का' असं न विचारता 'काय घडलं ते सांग' असं विचारा. तो जिथे अडखळेल तिथे परत जा. अशी दोन माणसं मिळाली तरी पुरतात.

कटच्या आसपास सबटायटल कुठे संपवायचं?

कटच्या दोन फ्रेम आधी संपवा, नाहीतर कट ओलांडून पुरेसं पुढे न्या. कटनंतर चार-सहा फ्रेम लोंबकळणारं सबटायटल डोळ्याला खुपतं आणि नवीन मजकूर आला असं वाटून नजर खाली जाते.

आवाजाच्या लहरीकडे बघून टायमिंग करताना चित्राचा विसर पडतो, तो पडू देऊ नका. आमच्याकडे एका लांबच्या दृश्यात कावळा वरच्या डाव्या कोपऱ्यात फांदीवर येऊन बसतो आणि दीड सेकंदात उडून जातो. लघुपटाची सगळी आशा त्या दीड सेकंदात आहे. पहिल्या आवृत्तीत नेमकं तेव्हाच मामाचं एक वाक्य खाली होतं. दाखवलेल्या पाच जणांपैकी तिघांना कावळा दिसलाच नाही, कारण ते वाचत होते. ते वाक्य छोटं करून कटच्या आधीच संपवलं. प्रेक्षकाची नजर कधी वर हवी आहे, हे दिग्दर्शकाला विचारून घ्या.

तसंच, पात्र एखाद्या शब्दाआधी थांबत असेल तर त्या थांब्यावर सबटायटल तोडा. नाहीतर नटाने राखून ठेवलेला शब्द प्रेक्षक दोन सेकंद आधीच वाचून मोकळा होतो.

सबटायटल्स सरकली आहेत. नेमकं काय बिघडलं हे कसं ओळखायचं?

सुरुवातीचं आणि शेवटचं अशी दोन वाक्यं तपासा. दोन्हीकडे सारखाच फरक असेल तर सुरुवात हललेली आहे. कुणीतरी पुढे निर्मितीसंस्थेचं बोधचिन्ह जोडलं असेल, किंवा संकलनाची टाइमलाइन 01:00:00:00 पासून सुरू होत असेल. या दुसऱ्या प्रकारात सगळी सबटायटल्स बरोबर एक तास उशिरा असतात, म्हणजे पडद्यावर काहीच दिसत नाही. Subtitle Edit मध्ये Synchronization या मेनूत Adjust all times आहे, तिथे बोधचिन्हाच्या लांबीएवढा वेळ मिळवा, किंवा तो जास्तीचा एक तास वजा करा.

सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे वाढत जाणारा फरक असेल तर फ्रेमचा वेग बदललाय. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे दिवे लुकलुकू नयेत म्हणून बरेच जण 25 फ्रेमने चित्रीकरण करतात. थिएटरसाठी डीसीपी, म्हणजे तिथल्या डिजिटल प्रोजेक्टरवर चालणारी प्रत, बनवताना 24 फ्रेमचा वेग सगळ्यात निर्धोक, म्हणून प्रयोगशाळा चित्रपट तेवढा संथ करते. मग 18 मिनिटांचा लघुपट 18 मिनिटं 45 सेकंदांचा होतो. जुनी फाइल तशीच लावली तर दर मिनिटाला अडीच सेकंद चुकतात आणि दहाव्या मिनिटाला सबटायटल संवादाच्या 25 सेकंद आधी येतं. त्याच मेनूत Change frame rate मध्ये 25 वरून 24 करा. 24 आणि 23.976 यांची गल्लत जास्त फसवी असते. 18 मिनिटांच्या शेवटी फरक जेमतेम एक सेकंदाचा पडतो, त्यामुळे पहिली पाच मिनिटं बघून कुणालाच कळत नाही. म्हणूनच शेवटचं वाक्य बघितल्याशिवाय फाइल पाठवू नये.

पांढरी अक्षरं पांढऱ्या धोतरावर दिसत नाहीत. काय करावं?

अक्षरांना काळी बारीक कड द्या. मागे काळी पट्टी टाकली तर चित्राचा तळ जातो, ती टाळा. आमचं चित्रण दुपारच्या वाळूवर होतं, तिथे शुभ्र पांढऱ्याऐवजी किंचित राखाडी छटा जास्त वाचनीय ठरली. लॅपटॉपवर भरवसा ठेवू नका, मोठ्या पडद्यावर किंवा निदान टीव्हीवर लांबून बघा.

ओव्या, गाणी, पाट्या?

गोष्टीला लागत असेल तर भाषांतर करा, नाहीतर सोडून द्या. ओवी तिरप्या अक्षरात द्या आणि यमकाच्या मागे लागू नका. दुकानाची पाटी, पत्र, मोबाइलवरचा मेसेज यातून कळण्यासारखं काही असेल तर ते विसरू नका. संवादांच्या यादीत ते नसतं, म्हणून हमखास राहून जातं.

महोत्सवाला नेमकं काय पाठवायचं?

निवडीसाठी सबटायटल्स चित्रात पक्की बसवलेली प्रत द्या. परीक्षक कुठल्या यंत्रावर बघेल ते माहीत नसतं. ती ffmpeg या प्रोग्रामने अशी करता येते:

```
ffmpeg -i film.mov -vf subtitles=film_en.srt -c:v libx264 -crf 18 -c:a copy film_en.mov
```

मूळ प्रत मात्र सबटायटलविना स्वच्छ जपून ठेवा आणि सबटायटल्सची .srt फाइल UTF-8 मध्ये वेगळी ठेवा. निवड झाल्यावर दोन्ही मागतात. सबटायटल्स पक्की बसवलेली एकच प्रत शिल्लक असेल, तर पुढे एक चुकलेलं अक्षरही दुरुस्त करता येत नाही.

फ्रान्स, जर्मनी, जपान अशा देशांत बरेचदा तिथल्या भाषेतली सबटायटल्स तुमच्या इंग्रजीवरून बनवली जातात. त्या भाषांतरकारासाठी वेळांसकट संवादांची यादी द्या आणि टिपा तिथे लिहा. सबटायटलमध्ये न मावलेलं सगळं या यादीत मावतं. आमच्या यादीत कावळ्याबद्दल चार ओळी होत्या, कोण कुणाचा कोण हे होतं, आणि बहीण मामाला कुठल्या वाक्यापासून 'तू' म्हणते हे वेळेसह लिहिलं होतं. फ्रेंचमध्ये असा भेद आहे, जर्मनमध्येही आहे. इंग्रजीत हरवलेलं 'तू' फ्रेंच सबटायटलमध्ये त्या वाक्याला परत आलं.